आधी कोणता दोष हाती घ्यावा?

पॅरेटो आलेखात दोषांचे स्तंभ मोठ्याकडून लहानाकडे मांडतात आणि त्यांच्यावर बेरजेच्या टक्केवारीची चढती रेषा काढतात. इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पॅरेटो यांचे नाव, मोजक्याच कारणांतून बहुतांश दोष येतात या तत्त्वाला, जोसेफ जुरान यांनी दिले. पॅरेटो यांचा अभ्यास संपत्तीच्या वाटणीचा होता, दोषांचा नव्हे, हे जुरान यांनी १९७५ मध्ये स्वतःच मान्य केले.

समजा, एका फाउंड्रीत महिनाभरात २०० कास्टिंग नाकारली गेली. ब्लो-होलमुळे ७८, वाळू अडकल्याने ५२, श्रिंकेजमुळे २६, कोल्ड शटमुळे १८, साच्याचे दोन भाग सरकल्याने १२ आणि इतर कारणांनी १४. बेरजेची रेषा ३९, ६५, ७८ अशी चढत जाते. म्हणजे पहिल्या तीन दोषांतच नाकारलेल्या नगांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग येतो. ‘इतर’चा स्तंभ मोठा असला तरी शेवटीच ठेवतात. तो फारच फुगला, तर दोषांची वर्गवारी नीट झालेली नाही असे समजावे. एकाच कास्टिंगमध्ये दोन दोष दिसले तर नोंद कशाची करायची, हेही मोजणीआधीच ठरवावे लागते. नाहीतर प्रत्येक पाळीतला तपासनीस आपापल्या समजुतीने खूण करतो आणि आलेख दोषांऐवजी माणसांच्या सवयी दाखवू लागतो.

या आलेखावरून टीम ब्लो-होलकडे वळेल. पण नग मोजले म्हणजे नुकसान मोजले असे होत नाही. ब्लो-होल आणि वाळू अनेकदा साफसफाईनंतर लगेच दिसतात, आणि ते कास्टिंग पुन्हा वितळवता येते. आतले श्रिंकेज मात्र अनेकदा मशीनिंग झाल्यावर उघडे पडते, तोवर त्यावर मजुरी, टूल आणि मशीनचा वेळ खर्च झालेला असतो. पहिल्या दोन दोषांत नगामागे ४०० रुपये आणि श्रिंकेजमध्ये १,५०० रुपये बुडतात असे धरले, तर ब्लो-होलचे ३१,२००, वाळूचे २०,८०० आणि श्रिंकेजचे ३९,००० रुपये होतात. नगांच्या आलेखात तिसरा असलेला दोष रुपयांच्या आलेखात पहिला येतो. म्हणून दोन्ही आलेख शेजारी ठेवून निर्णय घेणे अधिक योग्य.

कधी सगळे स्तंभ जवळपास सारख्याच उंचीचे येतात. तेव्हा सर्वांत उंच स्तंभ निवडण्यात अर्थ नसतो. तीच नोंद भागानुसार, साच्यानुसार किंवा पाळीनुसार पुन्हा विभागून पाहावी. श्रिंकेज एकाच भागात साचलेले आढळले, तर शोध त्या भागाच्या रायझरपाशी आणि धातू ओतण्याच्या तापमानापाशी सुरू करता येतो. आलेख कारण सांगत नाही, फक्त कुठे खणायचे ते दाखवतो.

सुधारणा केल्यावर तेवढ्याच उत्पादनासाठी, त्याच मापाच्या अक्षावर दुसरा आलेख काढतात. श्रिंकेजचा स्तंभ खाली आला, पण ‘इतर’चा तेवढाच वाढला, तर दोष कमी झालेला नसून त्याची नोंद दुसऱ्या रकान्यात गेली असण्याची शक्यता आधी तपासावी.