दशलक्ष सेकंद व अब्ज सेकंद

दशलक्ष आणि अब्ज या संख्या फळ्यावर लिहिल्या असता मुलांना त्यांत केवळ तीन शून्यांचा फरक दिसतो. सहा शून्यांच्या जागी नऊ शून्ये, म्हणजे दुसरी संख्या दीडपट, असा त्यांचा समज होतो. तो दूर करण्यास पुढील उदाहरण योजावे.

एका दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात. दहा लक्षांस या संख्येने भागिले असता ११ दिवस येऊन ४९,६०० सेकंद, म्हणजे सुमारे पावणेचौदा तास, उरतात. स्थूलमानाने हे बारा दिवस झाले.

आता एकेक शून्य वाढवीत जावे. प्रत्येक शून्य म्हणजे दहापट. एक कोटी सेकंदांचे सुमारे ११६ दिवस, दहा कोटींचे १,१५७ दिवस, म्हणजे सव्वातीन वर्षांस थोडे कमी. आणि शंभर कोटींचे, अर्थात अब्जाचे, ११,५७४ दिवस. ही एकतीस वर्षे आठ महिने, स्थूलमानाने बत्तीस वर्षे, होतात.

येथे एक चूक संभवते. काही मुले बारा दिवसांसच हजाराने गुणितात. मग १२,००० दिवस, म्हणजे जवळजवळ तेहतीस वर्षे येतात. आरंभी वाढविलेला अर्ध्या दिवसाहून लहान अंश हजारपट होऊन ४२६ दिवसांचा झाला. म्हणून स्थूलमान नेहमी शेवटीच घ्यावे.

अखेरीस मुलांस सांगावे की, साडेनऊ वर्षांच्या मुलाच्या वयाचे सुमारे तीस कोटी सेकंद झालेले असतात. अब्ज पुरे होण्यास आणखी बावीस वर्षे लागतील.