चकती कडेवरून फिरवा : 10 सेकंद की 11?

पनवेलच्या बारावीवाल्यांनो, पहिल्याच धड्यातलं समांतर अक्ष प्रमेय घरी तपासता येतं. सुताराकडून 40 सेंमी व्यासाची प्लायवूडची चकती कापून घ्या.

कडेला लागून भोक पाडा, खिळ्यावर अडकवा आणि भिंतीला समांतर हलके झोके द्या. इथे अक्ष चकतीला लंब आहे. केंद्रातून जाणाऱ्या तशाच अक्षाभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया ½MR² असतो. अक्ष R अंतराने सरकला, म्हणून त्यात MR² मिळवायचं: I = 3/2 MR².

झोक्याचा काळ T = 2π√(I/MgR). R = 0.2 मीटर घातलं की 1.1 सेकंद येतो, म्हणजे 10 झोक्यांना 11 सेकंद.

आता कडेला कापडी पट्टी चिकटवून चकती झडपेसारखी पुढे-मागे हलवा. अक्ष कडेवरच आहे, पण चकतीच्या प्रतलात. आता सुरुवात व्यासाभोवतीच्या ¼MR² पासून: I = 5/4 MR². त्याच 10 झोक्यांना 10 सेकंद!

परीक्षेत दुसऱ्या प्रकारातही ½MR² घेतलं की उत्तर चुकतं. म्हणून आधी केंद्रातून जाणारा समांतर अक्ष काढा, मगच MR² मिळवा.

झोके लहानच ठेवा. मोठ्या झोक्यांना हे सूत्र लागू पडत नाही.