पानभर ‘म’ लिहूनही अक्षर का सुधारत नाही?

पेरण्या उरकल्या होत्या आणि दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. शेजारच्या घरची सून आपल्या पोराला घेऊन आमच्या ओट्यावर आली. हातात दुरेघी वही होती. "गुरुजी, पोरगं रोज एक पान लिहितंय, पन अक्षर काही सुधरंना. उलट बिघडतंय म्हना," ती म्हणाली.

मुलगा पहिलीतला, सहा वर्षे पुरी झालेला. मी वही उघडली. पानाच्या माथ्यावर शाळेतल्या बाईंनी ‘म’ घालून दिला होता, चांगला वळणदार. त्याखालची पोराची पहिली ओळ बरी होती. चौथ्या ओळीत ‘म’ची गाठ बसकी झाली होती, आठव्या ओळीत गाठीचा नुसता ठिपका उरला होता आणि शेवटच्या ओळीतला काना रेघ सोडून खाली लोंबत होता. आई म्हणाली ते खरे होते. सराव वाढत गेला तसे अक्षर बिघडत गेले होते.

असे का होते, याचे उत्तर एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडते. त्यांचे नाव एडवर्ड थॉर्नडाइक. त्यांनी 1898 साली मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेले मांजर पेटीत कोंडायचे आणि बाहेर खाणे ठेवायचे. मांजर ओरबाडते, चावते, गजातून पंजा घालते. या धडपडीत केव्हातरी दोरीच्या फासाला ओढ बसते आणि दार उघडते. पुन्हा कोंडले की पुन्हा धडपड, पण फुकटच्या हालचाली हळूहळू गळत जातात. पुष्कळ खेपांनंतर मांजर आत गेल्याबरोबर फास ओढते. यालाच शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत प्रयत्न-प्रमाद पद्धती म्हणतात. तिच्यावरून थॉर्नडाइक यांनी तीन नियम काढले: सिद्धतेचा, सरावाचा आणि परिणामाचा.

यातला सरावाचा नियम आपल्याकडे सर्वांना पटतो, कारण गिरवून घेणे सोपे असते. गंमत अशी, की पुढे खुद्द थॉर्नडाइक यांनीच हा नियम मागे घेतला. 1930 च्या सुमारास त्यांनी माणसांवर एक प्रयोग केला. डोळे मिटून 4 इंच लांबीची रेघ काढायची, पण काढलेली रेघ बरोबर की चूक हे कोणी सांगायचे नाही. माणसांनी अशा रेघा पुन्हा पुन्हा काढल्या, पण हात सुधारला नाही. मग त्यांनी असे मांडले, की नुसत्या आवृत्तीने माणूस शिकत नाही. प्रत्येक खेपेला आपले काय झाले हे कळले, तरच शिकतो.

आता पुन्हा त्या वहीकडे पाहू. पोर पहिली ओळ बाईंच्या ‘म’कडे पाहून लिहिते. दुसरी ओळ लिहिताना त्याची नजर बाईंच्या अक्षरावर नसते, स्वतःच्या पहिल्या ओळीवर असते. तिसरी लिहिताना दुसरीवर असते. प्रत्येक ओळीतली चूक खालच्या ओळीत उतरते आणि तिच्यात थोडी भर पडते. ही चूक आहे हे सांगणारे जवळ कोणी नसते, कारण आई चुलीपाशी असते आणि वही दुसऱ्या दिवशी शाळेत तपासली जाते. इतक्या उशिरा मारलेल्या लाल फुलीचा त्या हाताला काही उपयोग नाही. कोणत्या हालचालीने चुकले, हे पोर केव्हाच विसरलेले असते.

मी वही मिटून पाटी दिली आणि म्हटले, "एक ‘म’ काढ बरं." त्याने आधी उजवीकडचा काना काढला, तोही खालून वर. मग डावीकडची उभी रेघ ओढली आणि शेवटी दोन्हींमध्ये गाठ कशीबशी बसवली. ही खरी मेख होती. पहिल्या ओळीतला ‘म’ दिसायला बरा असल्याने त्याला घरी शाबासकी मिळाली होती, आणि शाबासकीने पक्की झाली ती उलटी वाट. परिणामाचा नियम असा दोन्हीकडून कापतो. ज्या हालचालीनंतर समाधान मिळते ती हालचाल रुजते, मग ती चांगली असो की वाईट. म्हणून लिहून झालेले अक्षर पाहण्याआधी लिहिणारा हात पाहावा.

एक मात्र ध्यानात ठेवावे. मांजराला वाट दाखवणारा कोणी नव्हता, म्हणून त्याने धडपडत शोधली. मुलाला अक्षराची वाट धडपडून शोधायला लावू नये, ती दाखवूनच द्यावी. डावी रेघ वरून खाली, तळाशी गाठ, गाठीपासून आडवी रेघ उजवीकडे, मग काना वरून खाली, शेवटी शिरोरेघ. गाठ केवढी, रेघ किती लांब, पेन्सिल किती दाबायची, एवढेच हाताने चुकतमाकत शिकायचे असते.

आईला मी असे सांगितले. पाटीवर तू एक ‘म’ काढ, तुझ्या देखत तो पाच काढील. मग त्यालाच विचार, "यातला तुझ्या म्हणण्याप्रमाणं सगळ्यात चांगला कोणता?" त्याला त्याभोवती गोल करू दे. का चांगला, तेही त्यानेच सांगावे. मग पाटी पुसायची, तू नवा ‘म’ काढायचा आणि त्याने पुन्हा पाच काढायचे. पुसल्यामुळे जुनी चूक नकलेला उरत नाही. पाटीचा हा गुण वहीत नाही. वहीतच लिहायचे असेल तर वरची ओळ पुठ्ठ्याच्या तुकड्याने झाकावी आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला नवा नमुना घालावा. असे पाच-सात मिनिटेच करायचे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

"आन् चुकला तर?" तिने विचारले. तिच्या सासऱ्यांच्या हाती पट्टी असते, हे मला ठाऊक होते. थॉर्नडाइक यांना पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की बक्षिसाने बरोबर कृती जितकी पक्की होते, तितकी शिक्षेने चुकीची कृती पुसली जात नाही. बोटांवर पट्टी बसली की पोर ‘म’ शिकत नाही, पाटी लपवायला शिकते. चुकलेल्या अक्षरावर काही न बोलता नवा नमुना काढावा.

राहिला सिद्धतेचा नियम. हात तयार नसताना लिहायला बसवले, तर लिहिणे हाच त्रास होतो. कोवळ्या गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवले की तो जन्मभर जुवाला बुजतो, तसेच हे. तयारी ओळखायची खूण साधी आहे. मुलाला पाहून गोल, फुली आणि चौकोन काढता येतो का, ते पाहावे. येत नसेल तर अक्षरे थांबवून राखेत किंवा ओल्या मातीत बोटाने रेघा काढू द्याव्यात. पेन्सिल धरताना बोटाचे टोक पांढरे पडत असेल, तर दाब फार होतो आहे. दिवसभराची तयारीही पाहावी लागते. शाळेतून भुकेले आलेले पोर भाकरीआधी लिहायला बसवू नये.

हा मुलगा तयार होता, फक्त वाट चुकला होता. अंगवळणी पडलेली उलटी वाट मोडायला नवे शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आठवडाभर तो घाईत असला की कान्यापासूनच सुरुवात करी. तिसऱ्या आठवड्यात आई सांगत आली, की गोल आता तिच्या आधी तोच करतो आणि कधी कधी तिच्या ‘म’लाही नावे ठेवतो. त्यानंतर ‘भ’ घेतला. त्याच्या माथ्यावरची शिरोरेघ तुटकी ठेवायची असते, नाहीतर ‘म’ आणि ‘भ’ एकमेकांत मिसळतात. तिथे तो सध्या अडला आहे.