लक्षणांच्या जाळ्यातील केंद्रीयता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नैराश्य हा एकच अंतर्गत विकार असून निद्रानाश, थकवा, उदासी ही त्याची केवळ बाह्य चिन्हे आहेत, या जुन्या कल्पनेला ॲमस्टरडॅम विद्यापीठातील डेनी बोर्सबूम, अँजेलिक क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास एक पर्याय मांडला. तो असा, की लक्षणेच एकमेकांना जन्म देतात, एकमेकांना टिकवून धरतात, आणि त्यांच्या या गुंत्यालाच आपण नैराश्य म्हणतो. या मांडणीत प्रत्येक लक्षण जाळ्यातील एक बिंदू असतो आणि दोन बिंदूंमधील दुवा सहसा आंशिक सहसंबंधाने, म्हणजे इतर सर्व लक्षणांचा प्रभाव वजा केल्यावर त्या दोघांत उरणाऱ्या संबंधाने मोजला जातो. एखाद्या बिंदूला जोडलेल्या सर्व दुव्यांची मूल्ये, ऋण-धन चिन्ह न पाहता, एकत्र केली की त्या बिंदूचे ‘बळ’ मिळते, आणि केंद्रीयतेच्या मापांपैकी सर्वाधिक वापरले जाणारे माप हेच आहे.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की ज्या लक्षणाचे बळ सर्वाधिक, ते इतर लक्षणांचे कारण असते आणि म्हणून उपचार तेथेच करावा. सैद्धांतिक मांडणीशी हे विधान इतके जुळते, की शोधनिबंधांच्या चर्चेच्या भागात ते फारशा पुराव्याविना येते. परंतु आंशिक सहसंबंधाला दिशा नसते, आणि या एका गोष्टीचा परिणाम किती दूर जातो, हे एक काल्पनिक पण पूर्ण हिशेब करता येणारे उदाहरण घेतल्यास स्पष्ट होते. झोप न लागणे, अंगदुखी आणि भूक मंदावणे ही तीन लक्षणे परस्परांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत, त्यांच्यातील सहसंबंध शून्य आहे, आणि त्यांपैकी प्रत्येक लक्षण चौथ्याला, म्हणजे थकव्याला, ०.५ इतक्या गुणांकाने वाढवते, असे समजावे. सर्व लक्षणांचे प्रचरण, म्हणजे गुणांच्या विखुरलेपणाचे माप, १ धरले, तर थकव्यातील ०.२५ प्रचरण या तिघांच्या पलीकडचे उरते. या रचनेतून आंशिक सहसंबंध काढले असता थकव्याचा प्रत्येक लक्षणाशी असलेला दुवा सुमारे ०.७१ येतो आणि थकव्याचे बळ २.१२ होते, तर उरलेल्या तिघांचे बळ प्रत्येकी १.७१ भरते. जाळ्याच्या चित्रात थकवा ठळकपणे मध्यभागी दिसतो. प्रत्यक्षात मात्र तो शुद्ध परिणाम आहे; औषधाने केवळ थकवा दूर केला, तरी झोप, दुखणे आणि भूक यांत तसूभरही फरक पडणार नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती अधिक सावध करणारी आहे. झोप आणि अंगदुखी यांचा परस्परांशी काहीही संबंध नसताना जाळ्यात त्यांच्यामध्ये उणे ०.५ चा दुवा उमटतो, कारण दोघांचा समाईक परिणाम असलेला थकवा गणितात स्थिर धरला गेला आहे : थकवा तेवढाच असलेल्या लोकांमध्ये ज्याची झोप चांगली, त्याच्या थकव्यासाठी दुसरे काही कारण असावे लागते, आणि म्हणून त्याची अंगदुखी जास्त निघते. चिन्हासह बेरीज करणारे ‘अपेक्षित प्रभाव’ हे माप वापरले, तर थकव्याचे मूल्य २.१२ राहते आणि झोपेचे उणे ०.२९ येते, म्हणजे प्रत्यक्षात कारण असलेले लक्षण इतरांना दाबणारे भासते. याउलट, थकवा हेच तिन्ही लक्षणांचे मूळ असते, तरीही तोच सर्वाधिक बळाचा बिंदू ठरला असता. दोन्ही परिस्थितींत उपचाराचा सल्ला विरुद्ध आहे आणि अग्रस्थानी लक्षण मात्र एकच आहे, म्हणून केवळ बळाच्या क्रमवारीवरून त्या दोहोंपैकी एकीची निवड करता येत नाही.

निकटता आणि मध्यस्थता ही दुसरी दोन मापे सामाजिक जाळ्यांच्या अभ्यासातून आली आहेत. तेथे निरोप किंवा संसर्ग एका व्यक्तीकडून दुसरीकडे खरोखरच जातो, आणि सर्वांत जवळच्या वाटेवर कोण उभे आहे हे विचारण्याला अर्थ असतो. आंशिक सहसंबंधांच्या जाळ्यात असे काही वाहत असल्याचे सिद्ध झालेले नसते, आणि लॉरा ब्रिंगमन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला आहे. लक्षणजाळ्यांच्या अहवालांतून ही दोन मापे वगळल्याने वाचकाचे नुकसान होत नाही.

कमी केंद्रीयता म्हणजे कमी महत्त्व, हा गैरसमज नैराश्याच्या बाबतीत धोकादायक ठरू शकतो. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या, प्रत्येकी ० ते ३ गुणांच्या प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि सर्वसाधारण लोकसंख्येत त्याला बहुतेकांचे उत्तर ० असते. ज्या प्रश्नाच्या उत्तरांत फरकच थोडा, त्याचे इतरांशी दुवे क्षीण दिसण्याची शक्यता अधिक असते, आणि म्हणून त्याचे स्थान जाळ्याच्या कडेला जाऊ शकते. त्यावरून त्या लक्षणाच्या गांभीर्याविषयी काहीच ठरत नाही. त्यामुळे केंद्रीयतेच्या तक्त्याशेजारी प्रत्येक प्रश्नाची सरासरी आणि प्रमाण विचलन छापणे आवश्यक आहे, म्हणजे क्रमवारीतील किती भाग निव्वळ विखुरलेपणातून आला आहे हे वाचकाला ताडता येते. रोडेबॉ आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधील सामाजिक भयविकारावरील अभ्यासात उपचारादरम्यानच्या बदलाशी केंद्रीयतेचा संबंध केवळ जाळे बांधण्यासाठी वापरलेल्या मापनापुरताच आढळला. एखादी तक्रार किती क्वचित नोंदवली जाते, या साध्या आकड्याचा संबंध मात्र इतर मापनांमध्येही दिसला.

प्रश्नावलीची रचनादेखील क्रमवारीत शिरते. पीएचक्यू-९ मध्ये झोप न लागणे, झोपमोड आणि अतिझोप यांसाठी मिळून एकच प्रश्न आहे, तर नैराश्याच्या काही दीर्घ मापनांत झोप लागण्यातील अडचण, मध्येच जाग येणे आणि पहाटे लवकर जाग येणे यांना स्वतंत्र प्रश्न आहेत. जवळपास सारखीच विचारणा करणारे प्रश्न परस्परांशी घट्ट जोडले जातात आणि त्यांचे बळ वाढते, पण ते बळ रोगाचे नसून शब्दरचनेचे असते. २०१६ मध्ये आइको फ्रीड व सहकाऱ्यांनी ३,४६३ रुग्णांच्या २८ लक्षणांचे जाळे तपासले, तेव्हा अमेरिकी निदानपुस्तिकेतील लक्षणे पुस्तिकेबाहेरच्या लक्षणांपेक्षा अधिक केंद्रस्थानी आढळली नाहीत. निदानाची यादी म्हणजे रोगाचा गाभा, या समजुतीला प्रश्न विचारण्यासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे, आणि केंद्रीयतेचा असा वर्णनात्मक उपयोग पूर्णपणे रास्त आहे.

क्रमवारी स्थिर आहे की नाही, हे चित्र पाहून कळत नाही. त्यासाठी नमुन्यातील काही टक्के व्यक्ती वारंवार वगळून केंद्रीयता पुन्हा काढली जाते, आणि ९५ टक्के वेळा मूळ क्रमाशी किमान ०.७ सहसंबंध राखून जास्तीत जास्त किती व्यक्ती वगळता येतात, ते प्रमाण म्हणजे स्थैर्यगुणांक. एप्सकॅम्प, बोर्सबूम आणि फ्रीड यांच्या २०१८ मधील शिफारशीनुसार हा गुणांक ०.२५ च्या खाली नसावा आणि शक्यतो ०.५ च्या वर असावा. तो पुरेसा असला तरी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांतील अंतर खरे असेलच असे नाही, म्हणून त्या दोन मूल्यांतील फरकाची बूटस्ट्रॅप चाचणी वेगळी करावी लागते.

शेवटचा मुद्दा व्यक्तीविषयीचा आहे. एकाच वेळी अनेकांकडून घेतलेल्या उत्तरांचे जाळे लोकांमधील फरक सांगते, एका रुग्णात आज झोप बिघडली तर उद्या काय होते हे सांगत नाही; त्यासाठी त्याच व्यक्तीच्या दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे घेतलेल्या नोंदी लागतात, आणि तेथेही दोन नोंदींमधील अंतर बदलले की दुवे बदलतात. त्यामुळे प्रबंधात लिहिता येईल असे विधान एवढेच आहे : या प्रश्नावलीत, या नमुन्यात, अमुक लक्षणाचा इतर लक्षणांशी असलेला एकत्रित आंशिक संबंध सर्वाधिक आढळला. ‘उपचाराचे लक्ष्य’ हे शब्द संशोधकाने तेव्हाच वापरावेत, जेव्हा त्या लक्षणावर प्रत्यक्ष उपचार करून इतर लक्षणे हललेली त्याच्या स्वतःच्या आकड्यांत दिसतील.