पिवळ्या पट्ट्यातल्या तीन ओळी

समजा, भोसरीतला एक कारखानदार चाकणच्या कंपनीला नट-बोल्ट पुरवतो. ३१ मार्चला त्याच्या वहीत कंपनीकडून ४,८६,२०० रुपये येणे दिसतात, कंपनीच्या वहीत मात्र देणे ४,४२,५४० इतकेच. फरक ४३,६६० रुपयांचा. फोनवर दोघेही आपापला आकडा ठामपणे सांगत राहतात आणि पैसे कुठल्याच आकड्याचे येत नाहीत.

अशा वेळी कारखानदाराने आधी कंपनीकडून तिच्या वहीतला आपल्या खात्याचा उतारा मागवावा. आपल्याकडे जे नावे, ते तिच्याकडे जमा. दोन्ही उतारे शेजारी ठेवून जुळणाऱ्या ओळींवर टिक करत गेले, की न जुळणाऱ्या नोंदी उरतात. इथे तीन उरल्या. २३,६०० रुपयांचे बिल ३० मार्चचे आहे, पण माल २ एप्रिलला पोचल्यामुळे कंपनीने ते नव्या वर्षात धरले. हा वाद नव्हेच, केवळ तारखेचा फरक. त्यासाठी चलनावरचा आवक शिक्का पुरतो. नाकारलेल्या मालापोटी कंपनीने १४,१६० रुपयांची डेबिट नोट टाकली, ती कारखानदाराला मिळालीच नाही. आणि दरातल्या फरकाचे ५,९०० रुपये कापले आहेत, त्याला खरेदी आदेशातला दर पाहावा लागेल.

आता उतारा पाठवताना या तीन ओळी पिवळ्या कराव्यात. पण नुसता रंग पुरेसा नाही, कारण समोरचा कागद काळा-पांढरा छापतो आणि पिवळे नाहीसे होते. म्हणून ओळीपुढे १, २, ३ असे आकडे घालून खाली प्रत्येकाचे कारण आणि सोबत जोडलेला पुरावा लिहावा. वादातली नोंद उताऱ्यातून काढू मात्र नये. काढली, तर आपणच हक्क सोडल्यासारखे दिसते.

पत्रात माझ्या मते सर्वांत मोलाचे वाक्य हे: ‘४,४२,५४० रुपयांबद्दल दुमत नाही. ते आता द्यावेत. उरलेल्या तीन नोंदींवर आपले म्हणणे १५ दिवसांत कळवावे.’ यामुळे ४३ हजारांसाठी साडेचार लाख अडकत नाहीत.

डेबिट नोट खरी निघाली, तर जीएसटी कमी करण्यासाठी कारखानदाराला स्वतः क्रेडिट नोट काढावी लागते. ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तोवरच, विवरणात दाखवता येते. नंतर कराचा भुर्दंड त्याच्यावर पडतो.

‘उत्तर न आल्यास बाकी मान्य समजू’ असे बरेच जण लिहितात. त्यावर विसंबू नये. उधारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे असते आणि मुदत कायद्यानुसार ती पुन्हा नव्याने सुरू होण्यासाठी, ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने लेखी कबुलीवर सही केलेली लागते. समोरच्याचे मौन म्हणजे सही नव्हे. म्हणून उताऱ्याच्या तळाशी ‘मान्य बाकी’ असा रकाना, तारीख आणि सहीची जागा ठेवून दुसरी प्रत परत मागवावी.