दोन वर्षांचा ट्रेड की पदवी?

दहावीला ५२ टक्के आणि घरात लवकर पगार यायला हवा. अशा मुलाने शासकीय आयटीआयमध्ये टर्नर किंवा मशिनिस्ट घेतला तर सोळाव्या वर्षी सुरू झालेला कोर्स अठराव्या वर्षी संपतो. त्यानंतर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून स्टायपेंड सुरू होऊ शकतो. बारावी करून बी.ए., बी.कॉम.ला गेलेला मित्र तेव्हा पहिल्या वर्षात असतो, त्याला अजून तीन वर्षे लागतात.

माझ्या मते खरी चूक होते ती ट्रेड निवडताना. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला असेल तरच पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथून डिप्लोमा आणि पुढे इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाची वाट आहे. लेथवर व्हर्निअरने जॉब मोजणाऱ्या मुलाला ती वाट नंतरही मोकळी राहते.

अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे ना, हे पहिल्याच आठवड्यात पाहा. नोंद नसेल तर काम हेल्परचे ठरते आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.