ठोकळा वळतो, पण कुठे?

टेट्रिसमध्ये टी आकाराचा ठोकळा डाव्या भिंतीला पाठ लावून उभा आहे. त्याचा उंचवटा उजवीकडे आहे. वळवायचं बटण दाबलं की त्याचा मधला चौकोन जागेवर राहणार आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरणार. पण तसं झालं तर एक चौकोन थेट भिंतीत जातो. अशा वेळी खेळाने काय करायचं?

1989 साली निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर आलेल्या टेट्रिसचं उत्तर सरळ होतं: जागा नाही, वळायचं नाही. ठोकळा आधी एक घर उजवीकडे न्या, मग वळवा. पुढच्या खेळांनी हे सरकवणं स्वतःकडे घेतलं. भिंतीने जणू ठोकळ्याला लाथ मारून आत ढकलावं तसं ते दिसतं, म्हणून त्याला ‘वॉल किक’ म्हणतात. आज सर्वाधिक परिचित असलेली पद्धत 2001 च्या ‘टेट्रिस वर्ल्ड्स’मधून रूढ झाली. तिचं नाव सुपर रोटेशन सिस्टीम.

या पद्धतीत प्रत्येक वळणासाठी पाच जागांची यादी ठरलेली असते. खेळ ती क्रमाने तपासतो आणि वळलेला ठोकळा जिथे पहिल्यांदा मावेल तिथे तो ठेवतो. पाचही जागा अडलेल्या असतील तरच वळण नाकारलं जातं. चार चौकोनांच्या सरळ पट्टीची यादी वेगळी आहे. चौरस ठोकळा वळला तरी तसाच दिसतो, त्याला यादीची गरज नाही. बाकीचे पाच आकार एकच यादी वापरतात. उंचवटा वर असलेला टी घड्याळाच्या दिशेने वळवला, तर ती अशी:

```
(0,0) (-1,0) (-1,+1) (0,-2) (-1,-2)
```

कंसातला पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. उणे म्हणजे डावीकडे किंवा खाली. शेवटची जागा एक घर डावीकडे आणि दोन घरं खाली आहे. भिंतीपासून सुटण्यासाठी एवढं खाली कशाला जायचं? ते कुठे उपयोगी पडतं, हे पुढच्या मांडणीत दिसतं. `#` म्हणजे भरलेलं घर, `.` म्हणजे रिकामं.

```
5  ####T.....
4  ###TTT....
3  ###.######
2  ###..#####
1  ###.######
```

टीचा मधला चौकोन चौथ्या ओळीत, पाचव्या स्तंभात आहे. आता तो घड्याळाच्या दिशेने वळवू. जागच्या जागी वळला तर त्याचा खालचा चौकोन तिसऱ्या ओळीत पाचव्या स्तंभात येतो. ते घर भरलेलं आहे. एक घर डावीकडे गेला तर वरचा चौकोन पाचव्या ओळीतल्या छपरावर आदळतो. तिथून एक घर वर गेला तरी तेच छप्पर आड येतं. चौथी जागा मूळ जागेच्या थेट दोन घरं खाली आहे, पण तिथेही तिसऱ्या ओळीतलं ते भरलेलं घर वाटेत येतंच. पाचव्या जागी मधला चौकोन दुसऱ्या ओळीत, चौथ्या स्तंभात येतो आणि चारही घरं रिकामी सापडतात. टी तिथे बसतो, पहिल्या तिन्ही ओळी पूर्ण होतात आणि एकदम पुसल्या जातात. खेळाडू याला ‘टी-स्पिन ट्रिपल’ म्हणतात.

जिन्याच्या वळणावर अडकलेलं कपाट असं कधीच सुटणार नाही, कारण त्याला मधली सगळी वाट मोकळी लागते. खेळ मात्र वाट तपासतच नाही. तो फक्त मुक्कामाची चार घरं पाहतो. छप्पर काढून टाकलं, तर हीच चाल फसते: टी दुसऱ्याच जागी मावतो, तिथेच थांबतो आणि खालची पोकळी रिकामी राहते. म्हणजे छपराचा अडथळा मुद्दाम बांधायचा असतो.

असा खेळ स्वतः लिहिणाऱ्यांची एक चूक याच मांडणीत पकडता येते. यादीत अधिक म्हणजे वर, पण संगणकाच्या पडद्यावर ओळी सहसा वरून खाली मोजतात. उभ्या आकड्याचं चिन्ह उलटवायचं राहिलं, तर साध्या भिंतीपाशी काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण तिथे पहिल्या दोन जागांतच काम भागतं. वरच्या मांडणीत मात्र टी पोकळीत शिरायच्या ऐवजी दोन घरं वर उडी मारतो. चौथी जागा आता खाली नसून वर असते.

वर नेणाऱ्या जागा खऱ्या यादीतही आहेत. जमिनीला टेकलेला ठोकळा त्यांच्यामुळेच वळू शकतो. पण त्यांतून एक पळवाटही निघाली. टेकलेला ठोकळा पक्का बसण्याआधी सुमारे अर्धा सेकंद मिळतो, आणि ‘टेट्रिस वर्ल्ड्स’मध्ये प्रत्येक वळणाने ही मुदत नव्याने सुरू होई. त्यामुळे ठोकळा फिरवत राहून हवा तितका वेळ काढता येई. नंतरच्या अनेक खेळांनी अशा हालचालींना 15 ची मर्यादा घातली. ठोकळा आधीपेक्षा खालच्या ओळीत उतरला तरच मोजणी पुन्हा शून्यावर येते. वॉल किकने वर उचलला गेला तर नाही.